सोनार, पेन्सिल आणि मानपत्र

दरवर्षी 31 मे आला की महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळाची धांदल उडते. जुन्या पिढीतल्या कित्येकांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची खरी तारीख घरात कुणाला आठवत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होत असे, आणि गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे 58 पूर्ण झालेले कारकून आणि 60 पूर्ण झालेले शिपाई असे सगळे एकाच दुपारी निघतात. एकेका कचेरीत दोन-दोन, तीन-तीन निरोप समारंभ एका पेढ्यांच्या खोक्यात उरकले जातात. मानपत्रही एकच असतं. फक्त नाव, पद आणि रुजू झाल्याची तारीख बदललेली असते.

मानपत्र लिहायचं काम कचेरीत ज्याचं मराठी बरं समजलं जातं त्याच्या गळ्यात पडतं. ‘दोन ओळी लिहा, एखादी म्हणबिण टाका, कविता टाका’ एवढीच सूचना असते, आणि तीही बहुधा आदल्या दिवशी. माझ्या मते घोटाळा इथेच होतो. म्हण ही शेवटी ‘टाकायची’ गोष्ट आहे असं धरून चाललं, की हाताला येईल ती म्हण पडते, आणि मराठी म्हणी मुळीच निरुपद्रवी नाहीत.

आपल्या म्हणींचा कोणताही संग्रह चाळून पाहा. बहुतेक म्हणी टोमणे मारण्यासाठी, फजिती सांगण्यासाठी, नाहीतर दुसऱ्याचं पितळ उघडं पाडण्यासाठी जन्मलेल्या दिसतील. कौतुकाच्या म्हणी मोजक्याच आहेत. ओट्यावर, पारावर, चुलीपुढे बसून माणसं एकमेकांना जे ऐकवतात त्याचा तो साठा आहे, आणि तोंडावर स्तुती करायची आपल्याकडे फारशी रीत नव्हती. त्यामुळे सत्काराच्या मजकुरात म्हण घालायची म्हणजे टोमण्यांच्या ढिगातून गौरवाला चालेल अशी एखादी निवडून काढायची. घाईत हे जमत नाही आणि भलतंच होऊन बसतं.

‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण मी निरोपाच्या भाषणांत पुन्हापुन्हा ऐकली आहे. अडचणीच्या वेळी सरांनी साथ दिली, असं वक्त्याला म्हणायचं असतं. पण या म्हणीतल्या काडीने कुणी वाचत नाही. बुडणारा घाबरून काहीही धरतो आणि ते निरुपयोगी असतं, एवढंच तिचं सांगणं आहे. म्हणजे सत्कारमूर्तीला शाल घालून आपण काडी म्हटलेलं असतं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे अबोल सहकाऱ्याबद्दल मोठ्या प्रेमाने म्हटलं जातं. पण मूठ उघडली तर आत काही नाही, म्हणूनच ती झाकलेली बरी, असा तिचा सूर आहे. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’मध्ये कौतुक खरं असतं, पण आधी उंची काढली जाते आणि सभागृह हसतं ते पहिल्या अर्ध्या भागाला. सगळ्यात मासलेवाईक म्हणजे ‘वासरात लंगडी गाय शहाणी’. आमच्या सगळ्यांत तुम्हीच जाणकार, असं म्हणायला गेलेला माणूस एका दमात सत्कारमूर्तीला लंगडी आणि उरलेल्या कचेरीला वासरं करून खाली बसतो.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. म्हण म्हणजे एक छोटा प्रसंग असतो आणि त्यात पात्रं असतात. काडी, बुडणारा, पाणी. गाय आणि वासरं. आपण म्हण वापरली की समोरच्या माणसाला त्यातलं एखादं पात्र करतो आणि बाकीची पात्रं आपोआप आपल्या वाट्याला येतात. म्हणून कुठलीही म्हण मजकुरात घालण्याआधी कागदाच्या कडेला लिहून पाहावं: यात ते कोण, मी कोण, ऐकणारे कोण? एक जरी भूमिका अपमानाची निघाली, तरी ती म्हण सोडून द्यावी. शंका वाटली तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ वाचनालयात मिळतो. आपण जन्मभर एका अर्थाने वापरलेली म्हण तिथे वेगळ्याच अर्थाने बसलेली दिसण्याची शक्यता बरीच असते. जातीवर, बाईपणावर, अपंगत्वावर रचलेल्या म्हणी तर आपल्याकडे ढिगाने आहेत. त्या गमतीनेही नकोत, हे वेगळं सांगायला नको.

तरीही मला वाटतं, मानपत्रात म्हण असावी. मात्र ती सगळ्यात शेवटी शोधावी. आधी माणूस शोधावा.

एक नमुना घेऊ. तालुक्याच्या कचेरीतले एक अव्वल कारकून आहेत. सगळी कचेरी त्यांना भाऊसाहेब म्हणते, बाहेरून कामासाठी आलेली माणसंही तेच म्हणतात. नमुना मी बेतलेला आहे, पण असे भाऊसाहेब वाचकांनी कुठे ना कुठे पाहिले असतील. त्यांच्यावर हाताशी असलेला तयार मजकूर असा: ‘आपण कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख व्यक्तिमत्त्वाचे धनी असून आपल्या प्रदीर्घ सेवेत आपण सर्वांची मने जिंकली.’ यातलं नाव झाकून बघा. हा मजकूर शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही बसतो, आणि पलीकडच्या खात्यातल्या, आपण कधी न पाहिलेल्या माणसालाही बसतो. ज्याला तो दिला जातो त्यालाही हे कळतं, कारण त्याने स्वतः असे दहा मजकूर ऐकलेले असतात.

मग माणूस शोधायचा कसा? विचारून. पण प्रश्न नीट हवा. ‘भाऊसाहेब कसे होते हो?’ असं विचारलं की उत्तरात विशेषणंच येतात. ‘फार चांगले. मनमिळाऊ.’ त्याऐवजी विचारावं, ‘तुम्ही त्यांच्याकडे कोणतं काम घेऊन जायचात?’ किंवा ‘ते रजेवर असले की काय अडायचं?’ मग प्रसंग निघतात. हे तीन प्रकारच्या माणसांना विचारलं तर बहुतेक वेळा पुरतं: एक शिपाई, कारण कोणाच्या टेबलावर काय चालतं ते त्याला सगळं दिसतं, एक हाताखालचा, आणि एक कचेरीबाहेरचा, म्हणजे ज्याचं काम त्यांच्याकडे पडायचं तो.

आपल्या नमुन्यात शिपाई सांगतो, की नव्या पोरांच्या फायली साहेबांकडे नेण्याआधी भाऊसाहेबांच्या टेबलावरून फिरवून नेण्याची पद्धत होती. ती कुणी घालून दिली नव्हती, आपोआपच पडली होती. बाहेरची एक बाई सांगते, की नवरा गेल्यावर तिच्या पेन्शनच्या कागदांत काय काय कमी आहे ते त्यांनी पहिल्याच फेरीत लिहून दिलं, म्हणून तिला दुसरी फेरी मारावी लागली नाही. आणि हाताखालचा लिपिक सांगतो ते असं: पहिल्या वर्षी माझी टिपणी चुकली की भाऊसाहेब समासात पेन्सिलीने बारीकशी खूण करायचे. हाक मारून बोलवायचे नाहीत, लाल पेन तर नाहीच. फाईल गुपचूप माझ्या टेबलावर परत यायची. मी दुरुस्ती करून नेली की ते ती खूण रबराने पुसायचे आणि फाईल पुढे जायची. मी चुकलो होतो हे साहेबांना कधी कळलंच नाही.

इथे थांबायला हरकत नाही. तिन्ही प्रसंग चांगले आहेत, पण मानपत्रात तिन्ही कोंबले तर एकही लक्षात राहत नाही. पेन्शनच्या कागदांचा प्रसंग कुणीतरी भाषणात सांगावा. मानपत्रासाठी पेन्सिल घ्यावी, कारण ती या एकाच माणसाची आहे. ती दुसऱ्याच्या मानपत्रात जाऊ शकत नाही.

आता म्हणीकडे जायचं. आधी प्रसंग एका साध्या वाक्यात लिहून काढायचा: यांनी आमच्या चुका दाखवल्या, पण त्या लागल्या नाहीत, कारण दाखवणारा हात जाणता होता. मग या वाक्यात जी नाती आहेत तीच असलेली म्हण शोधायची. पहिल्यांदा आठवते ती ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’. शिकवणाऱ्याबद्दल बोलायचं म्हटलं की ती येतेच. पण पात्रं लावून बघा. भाऊसाहेब टाकी, आम्ही दगड, आणि आता आम्हाला देवपण आलेलं! निरोप त्यांचा आणि मोठेपणा आमचा. शिवाय त्यांनी घाव घातलेच नव्हते, आपल्या प्रसंगाचा जीवच त्यात आहे. ही म्हण ऐकायला भारदस्त आहे, पण ती आपल्या माणसाबद्दल खोटं सांगते.

दुसरी आठवते ती ‘कान सोनारानेच टोचावेत’. हिची पात्रं बसतात. सोनार ते, कान आमचे. टोचताना थोडं दुखतं हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण हात सरावाचा आहे, टोचणं बेताचं आहे, आणि ज्यासाठी टोचलं ते पुढे अंगावर मिरवायचं आहे. कुणाचाही अपमान होत नाही. एक अडचण मात्र आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी ही म्हण बरीच वापरून टाकली आहे. वरिष्ठाने चारचौघांत खरडपट्टी काढली की ‘सोनारानेच कान टोचले’ असं छापून येतं. त्यामुळे नुसती म्हण वाचली तर श्रोत्याच्या मनात खरडपट्टी येईल, म्हणजे आपल्याला जे सांगायचंय त्याच्या नेमकं उलटं. याला उपाय एकच: म्हणीच्या आधी पेन्सिल यायला हवी. प्रसंग पुढे ठेवला की म्हणीचा अर्थ तो प्रसंग ठरवतो, मथळा ठरवत नाही.

म्हण कुठे ठेवायची हा प्रश्न ती निवडण्याइतकाच नाजूक आहे. नेहमीची तऱ्हा अशी: ‘म्हणतात ना, सोनारानेच कान टोचावेत, त्याप्रमाणे भाऊसाहेब हे आम्हा सर्वांसाठी जणू सोनारच होते.’ यात म्हण आधी अवतरणात उभी केली, मग ‘त्याप्रमाणे’ने तिला बांधलं, मग ‘जणू’ने समजावून दिलं. ऐकणारा पहिल्याच शब्दाला ओळखतो की आता म्हण येणार, आणि ऐकायचं सोडून देतो. मी ते असं लिहीन:

‘भाऊसाहेब, या कचेरीत आमच्यापैकी प्रत्येकाची पहिली टिपणी तुमच्या टेबलावरून परत आली. समासात पेन्सिलीची एक बारीक खूण असायची. तुम्ही हाक मारून बोलावलं नाहीत, लाल शाईला हात लावला नाहीत. आम्ही दुरुस्ती करून आणली की खूण पुसून फाईल पुढे पाठवलीत. साहेबांना वाटत राहिलं, या पोरांना पहिल्यापासूनच लिहिता येतं. आमचे कान सोनाराने टोचले. दुखलं ते थोडं, आणि तेही तुमच्या-आमच्यातच राहिलं.’

यात ‘म्हणतात ना’ नाही, अवतरणचिन्ह नाही. म्हणीचं ‘टोचावेत’ भूतकाळात जाऊन ‘टोचले’ झालं आणि ती उपदेश न राहता घडलेली हकिकत झाली. म्हणीनंतर तिचा अर्थही सांगितलेला नाही. ज्याला म्हण माहीत आहे त्याला तो लागतो, ज्याला माहीत नाही त्याच्याजवळ पेन्सिल आहेच.

हा मजकूर कोण वाचणार यानेही फरक पडतो. वरचा परिच्छेद हाताखालच्यांच्या तोंडी शोभतो. तहसीलदारांनी वाचला तर ‘आमचे कान’ खोटं होईल, कारण त्यांचे कान भाऊसाहेबांनी टोचलेले नाहीत. त्यांच्या तोंडी ‘माझ्या टेबलावर स्वच्छ फाईल यायची, तिच्यामागे कोण आहे हे मला फार उशिरा कळलं’ हे खरं वाटेल, आणि त्याला म्हणीची गरज नाही. खाली-वरच्या नात्यात थट्टेची म्हण चालत नाही. बरोबरीच्या नात्यात मात्र ती खुलते. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात बदलीवर निघालेल्या मित्राला ‘पळसाला पानं तीनच’ म्हणावं, की जिथे जाशील तिथे हेच टपाल, हीच स्मरणपत्रं, आणि शेजारच्या टेबलावर आमच्यासारखंच कुणीतरी. तो हसतो. साठीतल्या शिपायाला हेच ऐकवलं तर ते विनाकारण कडू वाटतं. आणि साहेबांच्या निरोपाला ‘चार दिवस सासूचे’ची सुरुवात केली, तर ती म्हण पुरी करण्याची गरजही पडत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. निरोपाला घरची माणसं बोलावलेली असतात. व्यासपीठावर शेजारच्या खुर्चीत पत्नी किंवा पती असतात, समोर मुलं-सुना बसलेल्या असतात. त्यांच्या देखत ‘आता वहिनींच्या तावडीत’ हा विनोद वर्षानुवर्षं चालू आहे. वहिनी हसतात, कारण न हसून करतील काय.

आता कविता. म्हण चुकली तर निदान हसू तरी येतं. कविता चुकली तर कधीकधी अंगावर काटा येतो. निघून जाण्यावर मराठीत ज्या सुंदर कविता आणि अभंग आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा मरणावर आहेत. तुकोबांच्या वैकुंठगमनाशी जोडलेला निरोपाचा अभंग कितीतरी निवृत्तीच्या पत्रिकांवर छापलेला दिसतो. भा. रा. तांबे यांची, आपल्यामागे जग कसं चालू राहील हे सांगणारी कविताही भाषणांत येते. शब्द निरोपाचे आहेत हे खरं. पण ज्याला ते ऐकवायचे तो 58 वर्षांचा आहे, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न काढलंय आणि परवा मोतीबिंदूची तारीख घेतलीय. त्याला वैकुंठाला कशाला पाठवायचं? कवितेतला माणूस नेमका कुठे निघाला आहे हे आधी बघावं, आणि ते कळायला कविता शेवटपर्यंत वाचावी लागते. फोनवर फिरणाऱ्या दोन ओळींत ते कळत नाही.

शिक्षकांच्या निरोपाला कुसुमाग्रजांची ‘कणा’ हमखास येते. पुरात घरदार गेलेला जुना विद्यार्थी सरांना भेटायला येतो. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो पैसे नाकारतो. त्याला हवा असतो फक्त पाठीवर हात. ही कविता ज्या शिक्षकाने पोरांना धीर दिला त्याला तंतोतंत बसते. ज्या शिक्षकाने गुपचूप पोरांच्या फिया भरल्या त्याला ती बसत नाही, कारण तिच्यात पैसा नाकारला जातो आणि याच्या आयुष्यातलं मोठेपण नेमकं पैसा देण्यात होतं. समोर बसलेला जो माजी विद्यार्थी त्या फीवर शिकला, त्याला हे लगेच जाणवेल.

मला वाटतं, जाण्याच्या कवितांऐवजी कामाच्या कवितांकडे वळावं. तिथे आपली श्रीमंती मोठी आहे. सावता माळ्यांना भाजीच्या मळ्यात विठ्ठल दिसला, नरहरी सोनारांनी आपल्या हत्यारांच्या भाषेत अभंग लिहिले, गोरा कुंभार, सेना न्हावी हे सगळे आपापल्या धंद्यासकट बोलले. कृषी खात्यातल्या माणसाला निरोप देताना पेरणीवरची बहिणाबाई चौधरींची एखादी कविता संध्याछायेच्या दहा कवितांपेक्षा जवळची वाटेल. फक्त बहिणाबाई घेतल्या तर त्यांची बोली जशीच्या तशी घ्यावी. टाइप करताना कुणीतरी ती ‘शुद्ध’ करून टाकतो आणि ओळीचा ठेका तुटतो. आणि कारकुनासाठी? कारकुनासाठी समर्थ आहेत. दासबोधातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा राखाव्यात, कागद आणि शाई कशी सांभाळावी, असं सगळं त्यात आहे. आयुष्यभर टिपण्या लिहिलेल्या माणसाला त्याच्या मानपत्रात हा समास भेटला, तर आपलं काम कुणीतरी कामासारखं पाहिलं असं त्याला वाटेल. कविता छापील पुस्तकातून उतरवून घ्यावी. फोनवर पु. ल., व. पु. आणि कुसुमाग्रज यांच्या नावावर रोज जे जमा होतं, त्यातलं त्यांचं किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

किंवा स्वतः चार ओळी कराव्यात. हे वाटतं तितकं अवघड नाही, कारण मराठीत त्यासाठी एक सोपा साचा शेकडो वर्षं तयार आहे. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लघू-गुरू मोजायचे नाहीत, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. ‘पेन्सिलीची’मध्ये पे, न्सि, ली, ची अशी चार अक्षरं झाली. पुढे ‘खूण’ची दोन मिळवली की पहिला चरण झाला. दुसरा ‘समासात बारीक’ असा सुचतो, पण तो सात अक्षरांचा होतो. कागदावर हे लक्षात येत नाही, टाळी देत म्हटलं की लगेच अडतं. ते सोडून द्यावं आणि प्रसंगातलंच दुसरं काही घ्यावं. भाऊसाहेब फाईल परत ठेवताना काय करायचे? काही न बोलता हसायचे. मग असं जमतं:

पेन्सिलीची खूण । हसू असे ओठी ।
चूक जरी मोठी । शब्द मऊ ॥

रेघ पुसली की । दिसेना कुणाला ।
आठवे मनाला । जन्मभर ॥

ही थोर कविता नाही. तिला तसं असण्याची गरजही नाही. ‘ओठी’ आणि ‘मोठी’ हे यमक हजारदा वापरलेलं आहे, आणि ‘जन्मभर’ चार अक्षरांत बसतं म्हणून आलेलं आहे. पण पेन्सिल भाऊसाहेबांची आहे, त्यामुळे ओळी दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. असे दोन चौक पुरतात. तिसरा लिहायला घेतला की त्यात ‘दीर्घायुष्य’ आणि ‘आरोग्य’ शिरू लागतात. आणि स्वतःच्या ओळी असल्या तर मानपत्रातली म्हण काढून टाकावी. एकाच पेन्सिलीवर दोन अलंकार चढवले की ती दिसेनाशी होते.

लांबीबद्दल: मोठ्याने वाचायचा मजकूर अडीचशे ते तीनशे शब्दांचा ठेवला की वाचायला तीन मिनिटांच्या आसपास लागतात. चौकटीत घालून द्यायचं मानपत्र याच्या निम्म्याने असावं, नाहीतर अक्षर इतकं बारीक होतं की भिंतीवर टांगल्यावर कुणी वाचत नाही. छापायला टाकल्यावर पहिली प्रत स्वतः जाऊन बघावी. आपण युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर छपाईवाला आपल्या जुन्या फाँटमध्ये ओततो तेव्हा जोडाक्षरं फुटतात. ‘पेन्सिलीची’तला न्सि तर फुटण्यासाठी वाटच बघत असतो. कवितेच्या ओळी ‘जागा उरत नाही’ म्हणून एकापुढे एक जोडल्या जातात आणि दंड गळून पडतात. नाव, पद आणि रुजू होण्याची तारीख आस्थापना शाखेकडून तपासून घ्यावी. माणूस पहिल्यांदा तेच वाचतो.

राहता राहिला तो, ज्याच्याशी आपलं कधी जमलं नाही. मानपत्र त्याचंही लिहावं लागतं, आणि त्याच्यासाठी म्हण शोधायला बसलं की हाताला येतात त्या सगळ्या मनातल्या म्हणी. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ हे कुणीतरी ‘बाणेदारपणा’ म्हणून खपवायला बघतं, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला खरा अर्थ कळलेला असतो. अशा वेळी म्हणही नको, कविताही नको. त्यांच्या टेबलावर कोणतं काम अडलं नाही ते शोधावं. आवक-जावकाची नोंद कधी मागे पडली नसेल, किंवा ऑडिटच्या वेळी मागितलेली फाईल पाच मिनिटांत निघत असेल. तेवढंच, तारखेसकट, दोन वाक्यांत लिहावं. ज्यांचं त्यांच्याशी जमत होतं असा एखादा माणूस कचेरीत असतोच. उरलेलं त्याला बोलू द्यावं.